दीडशे शब्दांचे पत्रक

कोइमतूर, २५ सप्टेंबर २०२२. दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. दक्षिण विभागापुढे ५२९ धावांचे लक्ष्य होते आणि पश्चिम विभागाचा विजय जवळजवळ ठरलेला होता. त्याच सामन्यात दुसऱ्या डावात २६५ धावा काढलेला यशस्वी जयस्वाल फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला उभा होता आणि रवी तेजाला सतत काहीबाही बोलत होता. पंचांनी समज दिली, कर्णधारानेही दिली. तरी तोंड थांबेना. तेव्हा कर्णधाराने आपल्याच संघाच्या या सर्वांत यशस्वी फलंदाजाला मैदानाबाहेर पाठवले. सातेक षटकांनी तो परत आला. पश्चिम विभागाने सामना २९४ धावांनी जिंकला.

तो कर्णधार अजिंक्य रहाणे. डोंबिवलीत वाढलेला, तिथल्या शाळेत शिकलेला, किटची बॅग खांद्याला लावून लोकलने मुंबई गाठणारा मुलगा. सामन्यानंतर तो एवढ्याच आशयाचे बोलला, की प्रतिस्पर्ध्यांचा आणि पंचांचा मान राखला पाहिजे आणि म्हणून काही गोष्टी ठरावीक पद्धतीनेच हाताळाव्या लागतात.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या क्लबांना दर रविवारी असा कर्णधार मिळत नाही. बहुतेक वेळा जे घडायचे ते घडून जाते, कर्णधार लांबून बघत राहतो, आणि रात्री क्लबच्या सेक्रेटरीला फोन येतो: ‘तुमच्या पोराने काय केले ते ऐकले का?’ मग क्लबला काहीतरी लिहून जाहीर करावे लागते. असे पत्रक लिहिणे हे वाटते तितके सोपे काम नाही. ते कसे तयार होते, कुठे बिघडते आणि त्यातले एकेक वाक्य कशावर उभे असते, हे एका उदाहरणातून पाहू.

क्लबच्या हातात प्रकरण येते कसे

क्रिकेटचे नियम लंडनच्या एमसीसीकडे आहेत. १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या संहितेत खेळाडूंच्या वर्तनावर एक स्वतंत्र नियम आला, नियम ४२. त्यापूर्वी हौशी सामन्यात एखादा खेळाडू अंगावर धावून आला तरी पंचांच्या हातात जागच्या जागी करण्यासारखे फारसे काही नव्हते. आता गैरवर्तनाचे चार स्तर आहेत आणि प्रत्येक स्तराला ठरलेला दंड आहे.

निर्णयावर नाराजी दाखवणे, शिवराळ बोलणे, यष्ट्यांवर बॅट मारणे असले प्रकार पहिल्या स्तरात येतात. पहिल्यांदा ताकीद मिळते आणि त्याच संघाकडून पुन्हा घडले तर प्रतिस्पर्ध्यांना ५ धावा. अपमान गंभीर असेल, किंवा मुद्दाम धक्का दिला असेल, तर तो दुसरा स्तर. तिथे ताकीद नाही, थेट ५ धावा. पंचांना दबकावणे किंवा दुसऱ्या खेळाडूला मारण्याची धमकी देणे हा तिसरा स्तर. त्यात ५ धावांबरोबर खेळाडूला काही काळ बाहेरही बसावे लागते. मर्यादित षटकांच्या सामन्यात ही मुदत डावाच्या एकपंचमांश षटकांची, म्हणजे ४० षटकांच्या डावात ८ षटकांची असते आणि बदली खेळाडू मिळत नाही. पंचांना मारण्याची धमकी किंवा प्रत्यक्ष मारहाण हा चौथा स्तर. तो खेळाडू उरलेल्या सामन्यातून बाद.

आपल्या विषयाला महत्त्वाचा भाग यापुढचा आहे. दंड दिला म्हणजे पंचांचे काम संपले असे होत नाही. घडलेल्या प्रकाराचा अहवाल त्यांनी दोघांकडे द्यायचा असतो: सामना ज्यांच्या अखत्यारीत आहे त्या संघटनेकडे आणि खेळाडूच्या संघाच्या कार्यकारी मंडळाकडे. पुढची योग्य ती कारवाई करणे हे त्यांचे काम. म्हणजे क्लबचे पत्रक हा केवळ लोकलाजेचा भाग नाही. मैदानावर सुरू झालेल्या प्रक्रियेचा तो शेवटचा टप्पा आहे.

एक रविवार

समजा, ठाण्यातल्या एका मैदानावर ४० षटकांचा साखळी सामना आहे. प्रतिस्पर्ध्यांनी १८७ धावा केल्या आहेत. आपल्या क्लबला जिंकायला १८८ हव्यात. आपला चौथ्या क्रमांकाचा फलंदाज ३४ वर खेळत असताना पंच त्याला पायचीत देतात. चेंडू आधी बॅटला लागला, असे त्याचे म्हणणे. तो जागचा हलत नाही, मग बॅट फिरवून यष्ट्या पाडतो आणि पंचांना दोन कचकचीत शिव्या हासडून निघून जातो.

दोन्ही पंच बोलून घेतात, आपल्या कर्णधाराला बोलावतात आणि दुसऱ्या स्तराचा गुन्हा म्हणून प्रतिस्पर्ध्यांना ५ धावा देतात. या धावा त्यांच्या संपलेल्या डावात जमा होतात. १८७ चे १९२ होतात आणि लक्ष्य १८८ वरून १९३ वर जाते. आपला संघ १८९ वर सर्वबाद होतो. त्या पाच धावा नसत्या तर सामना आपला होता.

सामना संपल्यावर हाच फलंदाज तंबूजवळ पंचांसमोर जाऊन काहीतरी बोलतो. पंचांच्या मते तो म्हणाला, ‘बाहेर भेट, मग बघतो.’ प्रतिस्पर्ध्यांच्या गुणलेखकाने ऐकले ते, ‘बाहेर भेटून बोलू.’ आपल्या संघातल्या दोघांना काहीच ऐकू आले नाही. एका प्रेक्षकाच्या मोबाइलवर १४ सेकंदांचे चित्रण आहे. त्यात पडलेल्या यष्ट्या आणि पाठमोरा फलंदाज दिसतो, आवाज मात्र वाऱ्याचा. रात्रीपर्यंत ते सगळ्या ग्रुपवर पोहोचलेले असते.

या एका रविवारात पत्रकाला बिघडवणाऱ्या सगळ्या गोष्टी हजर आहेत. पराभवाचा राग आहे, पंचांच्या निर्णयावर शंका आहे, अर्धवट पुरावा आहे, आणि एका शब्दाच्या फरकावर लटकलेला सर्वांत गंभीर आरोप आहे.

पहिले चोवीस तास

रात्री अकरा वाजता लिहिलेले पत्रक बहुधा सकाळी गिळावे लागते. पण तीन-चार दिवस काहीच न बोलणेही चालत नाही, कारण गप्प बसलेला क्लब खेळाडूला पाठीशी घालतोय असाच अर्थ निघतो. म्हणून पहिल्या दिवशी तीनच गोष्टी सांगायच्या. घटना घडल्याची क्लबला माहिती आहे. पंचांचा अहवाल मागवला आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत या खेळाडूचा संघनिवडीसाठी विचार होणार नाही. दोषी कोण, हे त्यात नाही.

यातली तिसरी गोष्ट नाजूक आहे. चौकशी होईपर्यंत बाहेर ठेवणे ही शिक्षा नसते, पण लांबली तर शिक्षाच होऊन बसते. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमातल्या बोलण्यावरून चौकशीपूर्वी निलंबित करून ऑस्ट्रेलियाहून परत बोलावले गेले. चौकशी करायची कोणी, तर मंडळाकडे त्या वेळी लोकपालच नव्हता. दोन आठवड्यांत निलंबन मागे घ्यावे लागले. लोकपाल म्हणून आलेले न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी एप्रिलमध्ये प्रत्येकी २० लाखांचा दंड केला, तेव्हा दोघांचे आधीच बुडालेले सामनेही त्यांनी विचारात घेतले. लहान क्लबने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. तात्पुरते बाहेर ठेवताना चौकशीची तारीख त्याच दिवशी ठरवावी, आणि त्या काळात हुकलेले सामने शेवटच्या शिक्षेत मोजावेत.

ऐकून घेणे

आपल्याकडचे बरेच क्लब संस्था म्हणून नोंदलेले असतात, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त कायदा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय. नोंदणीच्या वेळी दिलेल्या घटनेत सदस्यावर कारवाई कोण करणार आणि कशी, याचे कलम असते. पुष्कळांनी ती घटना नोंदणीनंतर उघडलेलीच नसते. पत्रक लिहिण्याआधी ती उघडावी. घटनेत सात दिवसांची लेखी नोटीस सांगितली असेल आणि क्लबने दुसऱ्या दिवशीच शिक्षा जाहीर केली असेल, तर शिक्षा कितीही रास्त असली तरी ती टिकणे अवघड.

घटनेत काही नसले तरी दोन गोष्टी पाळाव्याच लागतात. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप नेमका काय ते लेखी कळले पाहिजे आणि उत्तर देण्याची संधी मिळाली पाहिजे. आणि प्रकरणात ज्याचे काही अडकले आहे त्याने निकाल देऊ नये. आपल्या उदाहरणात कर्णधार साक्षीदार आहे, म्हणून तो समितीत नको. खेळाडूचा काका क्लबचा खजिनदार असेल, तर त्यानेही त्या दिवशी बाहेर बसावे. पंचांवर उघडपणे चिडलेला व्यवस्थापकही नको. तिघांची समिती पुरते, पण ते तिघे या सामन्यापासून अलग असावेत.

नोटीस लिहितानाच पुढच्या पत्रकाची प्रत ठरते. ‘दि. अमुक रोजी केलेल्या गैरवर्तनाबद्दल खुलासा करावा’ असे लिहिले की खेळाडू कशाचा खुलासा करणार? इथे तीन वेगळी कृत्ये आहेत: यष्ट्या पाडणे, शिव्या देणे आणि सामन्यानंतरची धमकी. ती तीन वेगळ्या ओळींत लिहावीत. मग उत्तरही तीन ओळींत येते. खेळाडू पहिल्या दोन गोष्टी कबूल करतो, तिसरी नाकारतो. निर्णय चुकीचा होता असेही तो सांगतो. चेंडू खरोखर बॅटला लागला असेलही, पण समितीपुढे तो प्रश्नच नाही. चुकीच्या निर्णयामुळे राग का आला हे कळते, शिवी माफ होत नाही.

एका शब्दाचा फरक

आता ‘बाहेर भेट, मग बघतो’ आणि ‘बाहेर भेटून बोलू’. पहिले खरे असेल तर पंचांना धमकी, म्हणजे चौथ्या स्तराइतके गंभीर वर्तन, आणि कदाचित सबंध हंगामाची बंदी. दुसरे खरे असेल तर फार तर अवेळी घातलेला वाद.

असाच पेच एकदा कसोटी क्रिकेटमध्ये पडला होता. जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीत हरभजनसिंगने अँड्र्यू सायमंड्सला वर्णद्वेषी शब्द वापरला, असा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी ३ कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांनी २९ जानेवारीला निकाल दिला. नेमका कोणता शब्द उच्चारला गेला हे पुराव्यावरून ठरत नव्हते, म्हणून वर्णद्वेषाचा आरोप टिकला नाही. पण हरभजन निर्दोष ठरला असेही नाही. अपशब्द वापरल्याबद्दल त्याच्या मानधनातले ५० टक्के कापले गेले. पुढे असेही उघड झाले, की त्याच्या आधीच्या गुन्ह्यांची पूर्ण नोंद न्यायाधीशांसमोर आलीच नव्हती.

आपल्या तिघांच्या समितीला हे प्रकरण दोन ठिकाणी उपयोगी पडते. सिद्ध झाले तेवढ्याचीच शिक्षा द्यायची आणि सिद्ध न झालेले तसे लिहून टाकायचे. आणि बैठकीपूर्वी खेळाडूची मागची नोंद काढून टेबलावर ठेवायची. एका घटनेत ‘बघतो’ म्हणणारा माणूस दोन वर्षांपूर्वी आणखी कुठे असेच काही बोललेला असेल, तर धमकी सिद्ध करायला ते पुरणार नाही. पण कबूल केलेल्या शिव्यांची शिक्षा ठरवताना ते मोजता येईल.

समिती ठरवते: यष्ट्या पाडणे सिद्ध, शिव्या सिद्ध, धमकी सिद्ध नाही. मात्र त्या रागात पंचांकडे जाणे हीच चूक होती.

माप कुठून आणायचे

शिक्षा किती, हा प्रश्न आला की पहिल्यांदा क्लबचे जुने इतिवृत्त उघडावे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या संघातल्या एका राखीव मुलाने शिवी दिली म्हणून त्याला तीन सामने बसवले होते, असे त्यात निघाले, तर आज शतके ठोकणाऱ्या चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाला एका सामन्यावर सोडता येणार नाही. न्याय झाला की नाही, हे क्लबातली पोरे याच तुलनेवरून ठरवतात. पत्रकातल्या शब्दांकडे त्यांचे लक्ष नसते.

शिक्षा सामन्यांत मोजावी, महिन्यांत नाही. आपल्याकडे याला खास कारण आहे. जून ते सप्टेंबरात बहुतेक मैदानांवर चिखल असतो. १९४८ पासून भर पावसात चालत आलेली कांगा लीग ज्यांच्या वाट्याला येते ते क्लब तेव्हा खेळतात, बाकीचे छत्री घेऊन बसतात. अशा क्लबने मे महिन्याच्या शेवटी ‘दोन महिन्यांची बंदी’ जाहीर केली, तर खेळाडूचा एकही सामना बुडत नाही. मैत्रीचे सामने या मोजणीत धरायचे की नाही, हेही तिथेच लिहावे. नाहीतर घाईघाईने तीन मैत्रीचे सामने ठरवून बंदी ‘संपवली’ जाते.

क्लबचा हात कुठवर पोहोचतो, हेही ओळखावे. हाच फलंदाज शनिवारी रात्री एखाद्या गावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धेत प्रकाशझोतात खेळतो, तिथे त्याचा संघ वेगळा आणि आयोजक वेगळे. टेनिस चेंडूच्या या क्रिकेटचा आपल्या पट्ट्यात एवढा जोर आहे, की २०२४ च्या मार्चमध्ये त्याची देशपातळीवरची पहिली आयएसपीएल स्पर्धा ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात झाली. क्लबची बंदी तिथे चालत नाही. ‘सर्व प्रकारच्या क्रिकेटमधून निलंबित’ असे पत्रकात लिहिले आणि पुढच्याच शनिवारी तो षटकार मारताना दिसला, तर हसे क्लबचे होते. अशी व्यापक बंदी घालण्याचा अधिकार स्पर्धेच्या संघटनेचा. क्लबने आपला निर्णय त्यांना पत्राने कळवावा.

पत्रक

आता लिहायला बसावे. आपल्या उदाहरणातले पत्रक असे होईल:

‘अलीकडच्या एका रविवारच्या साखळी सामन्यात आमच्या पहिल्या संघातील एका फलंदाजाने पायचीत दिल्यानंतर बॅटने यष्ट्या पाडल्या आणि पंचांना अपशब्द वापरले. पंचांनी नियम ४२ प्रमाणे प्रतिस्पर्धी संघाला पाच धावा दिल्या. तो निर्णय आणि सामन्याचा निकाल आम्हाला मान्य आहे.

क्लबच्या त्रिसदस्य समितीने पंचांचा अहवाल वाचला आणि खेळाडूचे व चार साक्षीदारांचे म्हणणे ऐकले. वरील दोन्ही कृत्ये खेळाडूने कबूल केली आहेत. सामन्यानंतर पंचांना धमकी दिल्याचा आरोप उपलब्ध पुराव्यावरून सिद्ध झाला नाही. मात्र रागाच्या भरात पंचांकडे जाणे चूक होते, असे समितीचे मत आहे.

खेळाडूवर क्लबच्या तीन साखळी सामन्यांची बंदी घालण्यात आली आहे. चौकशीच्या काळात हुकलेला एक सामना त्यात धरला आहे. वर्षभरात असे वर्तन पुन्हा घडल्यास आणखी दोन सामन्यांची बंदी आपोआप लागू होईल. खेळाडूने पंचांची लेखी माफी मागितली आहे. या निर्णयावर त्याला सात दिवसांत कार्यकारिणीकडे दाद मागता येईल.

पंचांची आणि प्रतिस्पर्धी संघाची क्लब माफी मागतो. बंदीनंतर खेळाडू निवडीसाठी पात्र असेल. त्याच्याविषयी वैयक्तिक शेरेबाजी करू नये, ही विनंती.’

एवढेच. दीडशेच्या आतलेच शब्द.

काय लिहिले नाही, आणि का

या मजकुरात ‘तीव्र निषेध’ नाही. ‘अशी बेशिस्त कदापि खपवून घेतली जाणार नाही’ हे वाक्यही नाही, आणि ‘क्लबच्या उज्ज्वल परंपरेला काळिमा’ही नाही. आपल्याकडच्या पत्रकांत ही वाक्ये छापील पाकिटासारखी येतात आणि त्यांच्या आड बहुतेकदा एक गोष्ट लपलेली असते: शिक्षा काय केली, याचा पत्ता नसतो. एखादे पत्रक कडक आहे का हे ओळखायचे तर त्यातली सगळी विशेषणे खोडावीत आणि उरते काय ते पाहावे. कृत्य, निर्णय आणि आकडा उरला तर पत्रक कडक. काहीच उरले नाही तर नुसता आवाज.

दुसरी खोड माफीची. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करतो’ हे वाक्य मराठीत इतके झिजले आहे, की ते वाचून कोणाचा राग उतरत नाही. त्यातला ‘असल्यास’ सगळा घोटाळा करतो. पंचांना शिवी दिली, हे कबूल झालेले आहे, मग दुखावले ‘असल्यास’ कसे? आणि ‘दिलगिरी’ ही अंतरावरून होते, उशिरा आलेल्या गाडीबद्दलही होते. केलेल्या चुकीची माफी मागायची असते, आणि कोणाची ते नाव घेऊन. पंचांची, प्रतिस्पर्ध्यांची.

पहिल्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य लिहिताना समितीत सर्वांत जास्त वाद होईल. पाच धावांमुळे सामना गेला, पायचीतचा निर्णयही शंकास्पद होता, आणि तरी ‘निकाल मान्य आहे’? इथेच पुष्कळ पत्रके घसरतात. ‘पंचांचा निर्णय चुकीचा असला तरी आमच्या खेळाडूने संयम ठेवायला हवा होता’ असे लिहिले की वाचणाऱ्याला पहिला अर्धा भागच लक्षात राहतो आणि माफीच्या वेषात तक्रार छापली जाते. पंचांविषयी खरेच तक्रार असेल तर ती संघटनेकडे वेगळ्या पत्राने करावी, वेगळ्या दिवशी.

आणि नाव? ते इथे मुद्दाम दिलेले नाही. मैदानावर हजर असलेल्यांना ते ठाऊकच आहे. संघटनेला आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्यांना ते लागते, कारण बंदी पाळली जाते की नाही हे त्यांनी पाहायचे असते. त्यांना पत्राने कळवता येते. बाकीच्यांसाठी नाव छापल्याने शिक्षेची मुदत तेवढी वाढते: बंदी तीन सामन्यांत संपते, पण नोकरीच्या मुलाखतीआधी कोणी शोध घेतला की पत्रक पुन्हा समोर येते. खेळाडू अठरा वर्षांखालचा असेल तर नाव, शाळा, छायाचित्र यांतले काहीही देऊ नये, आणि चौकशीत त्याच्याबरोबर पालक असावेत. प्रौढ खेळाडूच्या बाबतीतही सिद्ध न झालेली धमकी नावासह खरी म्हणून छापली, तर ती बदनामी ठरू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार तो गुन्हा आहे.

अशा पत्रकाच्या कक्षेत न बसणाऱ्या गोष्टीही असतात. मारहाणीत कोणाला इजा झाली असेल, जातीवरून शिवी दिली असेल, किंवा एखाद्या मुलीशी गैरवर्तन झाले असेल, तर तो विषय पोलिसांचा होतो. तिथे क्लबची ‘अंतर्गत चौकशी’ हा तक्रार दाबण्याचा रस्ता होता कामा नये. क्लबने खेळाडूला बाहेर ठेवावे, पुरावा जपावा, तक्रारदाराला अडवू नये, आणि पत्रकात फक्त एवढेच सांगावे.

परत येणे

कोइमतूरच्या त्या दुपारी रहाणेने जयस्वालला बाहेर पाठवले, हे सगळ्यांना आठवते. तो त्याच सामन्यात परत मैदानात आला, हे कमी जणांना आठवते. पण त्या परत येण्यामुळेच बाहेर पाठवणे शिक्षा ठरले, सूड ठरला नाही. पत्रकाचे शेवटून दुसरे वाक्य, ‘बंदीनंतर खेळाडू निवडीसाठी पात्र असेल’, तिथे त्यासाठीच आहे.

आपला फलंदाज चौथ्या रविवारी परत येतो. संघाची यादी फळ्यावर लागते, चौथ्या क्रमांकावर त्याचे नाव असते. योगायोगाने पंच तेच असतात. तो आत जाताना गार्ड मागतो, ‘मिडल-लेग, सर’, आणि पंच बोटाने खूण दाखवतात. त्यावर क्लबला काहीही लिहावे लागत नाही.